दुखत नाही, म्हणूनच दाखवा

(मसुरे येथील व्याख्यानमालेतील व्याख्यान)



मधुमेहावर बोलायचं म्हटलं की लोक साखर, भात आणि गोळ्या यांविषयी ऐकायच्या तयारीने येतात. मी आज फक्त पावलांवर बोलणार आहे. मधुमेही माणूस पायाचा फोड घेऊन दवाखान्यात उशिरा येतो, आणि उशीर का केला असं विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: "दुखणा नाय मां, मगे दाखवचा कित्याक?" त्याच्या दृष्टीने हे बरोबरच आहे. पण पाय फुटला असताना दुखत नसेल तर तोच खरा आजार आहे.

साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की नसा झिजतात, आणि सगळ्यात लांबच्या नसा आधी जातात. म्हणून सुरुवात पायाच्या बोटांपासून होते. कुणाला मुंग्या येतात, कुणाला रात्री तळवे जळतात, तर कित्येकांना काहीच कळत नाही. चप्पल पायातून निसटली तरी लक्षात येत नाही, इथवर मजल जाते. शिवाय घाम आणणाऱ्या नसाही मंदावतात. मग पाय कोरडे पडतात आणि टाचांना भेगा जातात.

वेदना गेली की माणूस लंगडत नाही. खडा टोचला की आपण नकळत भार दुसऱ्या पायावर टाकतो. बधिर पायाचा माणूस त्याच जागेवर हजार वेळा पाऊल टाकतो. हे प्रथम नीट उलगडलं ते कुष्ठरोगात. डॉ. पॉल ब्रँड 1946 साली वेल्लोरला आले. कुष्ठरोग्यांची बोटं आपोआप झडतात असा तेव्हा समज होता. ब्रँड यांना दिसलं की बहुतेक नुकसान न कळलेल्या जखमांचं आणि भाजण्याचं आहे. पुढे अमेरिकेत त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच ज्ञान मधुमेहींच्या पायांसाठी वापरलं. आज मधुमेहींना देतात त्या मऊ एमसीआर रबराच्या चपला मूळच्या कुष्ठरोग्यांच्याच.

आता आपल्या गावातलं एक उदाहरण धरू. आंगणेवाडीची जत्रा. तारीख देवीच्या कौलाने ठरते, आणि ती बहुधा फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात येते. समजा, साठीचे एक गृहस्थ मुंबईहून आले आहेत. मधुमेह 12 वर्षांचा. रांगेत ते अनवाणी उभे राहिले. दुपारी तापलेल्या कातळाचा चटका शेजारच्याला सोसेना, म्हणून तो पाय उचलून उचलून ठेवत होता. हे मात्र शांत उभे. संध्याकाळी अंगठ्याच्या मुळाशी, तळव्याला, रुपयाएवढा पाण्याचा फोड.

दुसऱ्या दिवशी ते गावभर भेटीगाठी घेत फिरले आणि फोड फुटला. घरच्यांनी हळद दाबली. तिसऱ्या दिवशी बुटात पाय घालून मुंबईची गाडी. पाचव्या दिवशी मोज्याला पिवळा डाग आणि वास. जखम वरून चण्याएवढी, म्हणून तेव्हाही काळजी नाही. पण तळव्यात स्नायूंच्या दोऱ्या आणि त्यांच्या नळ्या बोटांपासून टाचेकडे गेलेल्या असतात. पू त्या वाटेने सरकतो. उंदराच्या बिळाचं तोंड लहान आणि आत फाटे असतात, तसंच हे. त्यात साखर वाढलेली असताना जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सुस्तावतात, आणि पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या असल्या तर रक्त, आणि रक्तातून जाणारं औषध, तिथवर पुरेसं पोचत नाही. आठवड्याभरात पावलाची वरची बाजू सुजून लाल होते. ताप येईलच असं नाही. कधी कधी नेहमीच्या गोळ्या चालू असताना साखर अचानक चढते, तेवढीच खूण. जंतू हाडात शिरले की एखादं बोट, कधी त्याहून अधिक, काढावं लागतं.

हाच फोड पहिल्या संध्याकाळी दिसला असता तर? तो फोडायचा नाही. पाय स्वच्छ पाण्याने धुवायचा, टिपून कोरडा करायचा, जंतुरहित गॉज सैलसर बांधायचा आणि त्या पायावर चालणं बंद करायचं. दुसऱ्या दिवशी डॉक्टर. डॉक्टर पावलावरच्या आणि घोट्याच्या आतल्या बाजूच्या नाडीचे ठोके बघतात, जखम किती खोल आहे ते तपासतात, शंका असेल तर हाडाचा एक्स-रे काढतात. अशी जखम नुसत्या मलमाने भरत नाही. भार उतरवावा लागतो, त्यासाठी प्लास्टर किंवा खास चप्पल देतात. रोज ड्रेसिंग करून त्याच पायाने बाजारहाट केला तर महिनोन् महिने ती तशीच राहते.

जखम येण्याआधीच बधिरपणा घरी ओळखता येतो. इंग्लंडमधल्या इप्सविच गावच्या डॉक्टरांनी बसवलेली ही साधी तपासणी आहे. माणसाला डोळे मिटायला सांगून आडवं करा. तुमच्या तर्जनीचं टोक त्याच्या बोटाच्या शेंड्याला एक-दोन सेकंद हलकेच टेकवा. दाबायचं नाही, टोचायचं नाही, गुदगुल्या नाहीत. आधी उजवा अंगठा, मग उजवी करंगळी, मग डावा अंगठा, डावी करंगळी, शेवटी उजवं आणि डावं मधलं बोट. स्पर्श कळला की त्याने "उजवा" किंवा "डावा" म्हणायचं. प्रत्येक बोटाला एकदाच हात लावायचा. सहापैकी दोन किंवा अधिक जागी कळलं नाही, तर संवेदना गेली असं धरून डॉक्टरांकडे जा. ते नायलॉनच्या तंतूने पक्की तपासणी करतात. सहाही कळले तरी दरवर्षी एकदा दवाखान्यातली तपासणी सोडू नका.

बधिर पायांना मग रोज डोळ्यांनी तपासायचं. तळवा, टाच, बोटांच्या बेचक्या. वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवा किंवा नातवंडांना बघायला सांगा. चप्पल घालण्याआधी आत हात फिरवा. पाणी कोमट आहे का ते पायाने नव्हे, कोपराने बघा. भेगांना आपलं भिरंडेल उत्तम, पण बोटांच्या बेचकीत लावू नका, तिथे ओल राहून चिखल्या होतात. घट्टा ब्लेडने कापू नका, कुरुपाच्या औषधी पट्ट्या लावू नका, काट्यावर बिब्ब्याचा चटका तर मुळीच देऊ नका. लावणीच्या चिखलात आणि कालावलच्या खाडीत कालवं काढताना पाय उघडे नकोत. कालवाच्या धारेने कापलेलं बधिर माणसाला घरी आल्यावर रक्त दिसल्यावरच कळतं. जत्रेच्या रांगेतही चप्पल पायात ठेवा आणि ती देवळापाशीच काढा. त्यापुढे जाड सुती मोजे असू देत.

एकदा भरलेल्या जखमांपैकी सुमारे 40 टक्के वर्षभरात पुन्हा उघडतात, म्हणून ज्यांची जखम बरी झाली आहे त्यांनी तर अधिकच जपायचं.

आज घरी गेल्यावर जेवणाआधी घरातल्या मधुमेही माणसाच्या सहा बोटांना हात लावून बघा. दोन ठिकाणी उत्तर आलं नाही, तर त्याला या आठवड्यातच डॉक्टरांकडे न्या. आणि पायाला फोड दिसला तर आठवड्याचीही वाट बघू नका, दुसऱ्याच दिवशी न्या, तो "दुखणा नाय" म्हणाला तरी.