पातेलं आत नेलं म्हणून रतीब थांबत नाही

अँटीव्हायरस किंवा व्हीपीएन पहिल्या वर्षी, समजा, ४९९ रुपयांना घेतलं, तर दुसऱ्या वर्षी त्याचेच २,४९९ होतात. वाशीपासून पनवेलपर्यंत हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. माझी तक्रार त्या भावाबद्दल नाही, तुमच्याबद्दल आहे. वर्ष संपत आलं की तुम्ही प्रोग्राम काढून टाकता आणि म्हणता, सुटलो!

अहो, कसले सुटताय? दारातलं पातेलं आत नेलं म्हणून दुधाचा रतीब थांबतो का? दूधवाला पिशवी कडीला अडकवतो आणि महिनाअखेरीला हिशेब मांडतो. त्याला सांगावंच लागतं, 'नको.'

हे सांगायचं कुठे? कंपनीच्या संकेतस्थळावर आपल्या खात्यात जाऊन Auto-Renewal बंद करायचं. प्ले स्टोअरवरून घेतलं असेल, तर तिथल्या Subscriptions मध्ये. प्रोग्राम काढणं वेगळं, हे वेगळं. पुन्हा सांगतो, वेगळं.

'पण ओटीपी आल्याशिवाय पैसे कसे जातील?' जातात. ओटीपी तुम्ही पहिल्या खरेदीलाच दिलात, तोच मँडेट. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार अशा नूतनीकरणाला १५,००० रुपयांपर्यंत पुन्हा ओटीपी लागत नाही. मात्र पैसे कापण्याआधी किमान २४ तास बँकेने रकमेसह कळवायचं असतं आणि नकार द्यायची सोय ठेवायची असते. तो निरोप आपण जाहिरात समजून पुसतो! मँडेट देताना कमाल रक्कमही वाचा. आज ४९९ जात असतील, पण मर्यादा त्याहून बरीच मोठी असू शकते.

बँकेच्या किंवा यूपीआयच्या ॲपमधून मँडेट रद्द करता येतो. त्याने पैसे थांबतात, पण कंपनीच्या वहीत रतीब चालूच राहतो. म्हणून दोन्हीकडे सांगा. आणि मुदतीच्या आदल्या दिवसाची वाट पाहू नका, काही कंपन्या महिनाभर आधीच पैसे घेतात. घेतल्याच्या दिवशीच बंद केलंत तरी, भरलेल्या महिन्याचं दूध जसं मिळतं, तसं वर्षभराचं संरक्षण सहसा मिळतंच.

पैसे गेलेच, तर परताव्याची मुदत पाहून लगेच लेखी मागणी करा. बाहेर पडायची वाट मुद्दाम लपवणं हा 'सबस्क्रिप्शन ट्रॅप' ग्राहक प्राधिकरणाच्या ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत मना आहे. दाद लागली नाही तर ग्राहक हेल्पलाइन १९१५.

नूतनीकरणाच्या खोट्या ई-मेलबद्दलही सांगायचं होतं, पण वेळ संपली. एवढंच लक्षात ठेवा, त्यातल्या नंबरवर फोन करू नका. आणि आज रात्री जेवण झाल्यावर आपलं खातं उघडून Auto-Renewal बंद आहे की चालू, तेवढं बघा.