निरोपाच्या समारंभाची आखणी

“गुरुजींचा निरोप समारंभ करावयाचा आहे. सगळी व्यवस्था तुम्हीच पाहा.” गोंदिया जिल्ह्यातील आमगाव तालुक्यात जिल्हा परिषदेची एक शाळा आहे, असे समजावे. तेथील मुख्याध्यापिकाबाई सर्वांत धाकट्या शिक्षकाला इतके सांगून आपल्या कामाला लागतात. माणसे किती, पैसे किती, जागा कोणती, दिवस कोणता, यांपैकी काहीही त्या वाक्यात नाही. धाकटा शिक्षक विचारावयास जातो, “बाई, पाहुणे किती धरू?” उत्तर मिळते, “पाहू, येतील तसे.” हे उत्तर टाळाटाळीचे नसते. बाईंनाही आकडा खरोखरच ठाऊक नसतो. मोकळा प्रश्न विचारला की असेच मोकळे उत्तर येते.

या चार अज्ञातांपैकी एक मात्र मुळात अज्ञात नाही. राज्याच्या सेवानियमांप्रमाणे शिक्षक ज्या महिन्यात वयाची ५८ वर्षे पूर्ण करतो, त्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी मध्यान्होत्तर निवृत्त होतो. आणि जन्म महिन्याच्या १ तारखेचा असेल, तर आदल्या महिन्याच्या अखेरीस. ज्या पिढीच्या जन्माची नोंद घरी नव्हती, त्यांतील कित्येकांची जन्मतारीख शाळेत नाव घालताना १ जून किंवा १ जुलै अशी लिहिली गेली. म्हणूनच मे आणि जूनच्या अखेरीस निरोपांची एवढी गर्दी उडते. सेवापुस्तकात १ जुलै १९६८ अशी तारीख असली, तर निवृत्ती ३० जून २०२६, मंगळवार. दिवस हाती लागला.

हा दिवस हाती लागताच जागाही बरीचशी ठरून जाते. तारीख १ जून असती, तर निवृत्ती ३१ मे रोजी, म्हणजे भर सुटीत, रविवारी आणि कडक उन्हात आली असती. मग समारंभ सुटी लागण्यापूर्वीच उरकणे प्राप्त होते, कारण मुलांवाचून गुरुजींचा निरोप तो कसला? जूनच्या अखेरीस विदर्भातल्या शाळा उघडलेल्या असतात, पण पावसाचा भरवसा नसतो. तेव्हा मैदानातला मांडव सोडावा आणि सर्वांत मोठी वर्गखोली व तिच्या पुढचा व्हरांडा एवढ्यात बसवावे. शिवाय धानाच्या पऱ्ह्यांचे दिवस. गावकरी सकाळी बांधावर असतात, तर आमगावाहून व गोंदियाहून ये-जा करणाऱ्यांना अंधारापूर्वी परतावयाचे असते. दुपारी दोन वाजता मुलांचा भाग आणि साडेतीनला मोठ्यांचा, यापलीकडे सोयीची वेळ सापडत नाही. त्याच दिवशी गुरुजींना कार्यभारही सोपवावयाचा असतो, तो सकाळीच सोपवून घ्यावा; नाहीतर शाल अंगावर पडत असता नोंदवह्यांवर सह्या चालू राहतात.

आता पैसे आणि पाहुणे. बहुतेक लोक येथे प्रथम पाहुण्यांची यादी करतात, तिला लागेल तेवढा खर्च काढतात आणि मग वर्गणी मागतात. यादी वाढत जाते, वर्गणी दुसऱ्यांदा मागावी लागते, आणि शेवटी भेटवस्तूला कात्री लागते. क्रम उलटा हवा. आधी वर्गणी ठरवावी, आणि तीही सर्वांत कमी मिळवणाऱ्याला जड न जाईल अशी. या शाळेत गुरुजी सोडून सहा शिक्षक आहेत आणि त्यांतला धाकटा शिक्षणसेवक, म्हणजे ठराविक मानधनावर आहे. त्याला आठशे रुपये देता येतात असे धरावे. पोषण आहार शिजवणाऱ्या बाईंकडून काही घेऊ नये. त्यांना पानावर मात्र बसवावे. शाळेचे अनुदान अथवा आहाराचा तांदूळ या कामाचा नव्हे, हे निराळे सांगावयास नको.

सहा जणांचे चार हजार आठशे झाले. यांतून माणसे वाढली तरी न वाढणारा खर्च प्रथम वेगळा काढावा : शाल, श्रीफळ व हार यांस सहाशे, मानपत्र व त्याची चौकट तीनशे, भेटवस्तू बाराशे. मुले एकशे दहा, पट ठाऊकच आहे; प्रत्येकास पाच रुपयांचा बिस्किटपुडा म्हणजे साडेपाचशे. अचानक उद्भवणाऱ्या गोष्टींसाठी चारशे बाजूस. उरले सतराशे पन्नास. पोहे, चहा आणि एक पेढा मिळून माणशी पंचवीस रुपये धरले, तर सत्तर पाने होतात. ज्या आकड्यासाठी धाकटा शिक्षक बाईंच्या दाराशी उभा होता, तो असा हिशेबाच्या तळाशी सापडतो.

सत्तर पाने कोणाची? घरची मंडळी आठ, गुरुजी आणि शिक्षक मिळून सात, शाळा व्यवस्थापन समितीची बारा. केंद्रप्रमुख आणि बदलून गेलेले जुने सहकारी तेरा. चाळीस झाले. या जुन्या सहकाऱ्यांना “येणार ना?” असे विचारू नये, कारण “येणार” याखेरीज दुसरे उत्तर कोणी देत नाही. “कोणत्या गाडीने याल?” असे विचारावे. अर्जुनी मोरगावच्या माणसाला गोंदियास गाडी बदलावी लागते. ज्याने परतीची गाडी पाहून ठेवली आहे, तो येतो. ज्याला ती आठवावी लागते, त्याचा अर्धाच भरवसा धरावा.

तीस पाने गावासाठी राहिली, आणि खरा धोका येथेच आहे. तीस वर्षे ज्याने गावातल्या मुलांना शिकवले, त्याच्या निरोपाला तीस माणसे येतील की तीनशे, हे कोणी सांगू शकत नाही. आणि कोणास परत पाठवताही येत नाही. म्हणून चावडीवर “अल्पोपाहारास यावे” अशी दवंडी देऊ नये. समितीच्या अध्यक्षांना सरळ सांगावे, “शाळेचा चहा एवढ्यांचा आहे, गावाला जेवण घालावयाचे असेल, तर ते गावाने आपल्या हाती घ्यावे.” धानाच्या मुलुखात रोख रकमेपेक्षा तांदूळ सहज निघतो. मसालेभाताला एक किलोत आठ माणसे धरली, तर शंभरांना साडेबारा किलो पुरे होतात. तेवढा पाच-सहा घरांतून मिळतो. गाव नाही म्हणाले, तरी ते आठ दिवस आधी कळते.

एवढे झाल्यावर बाईंकडे पुन्हा जावे, पण प्रश्न घेऊन नव्हे, कागद घेऊन. “मंगळवार, ३० जून, साडेतीन वाजता, मोठ्या वर्गात, सत्तर पाने, प्रत्येकी आठशे.” ज्या बाईंना एकही आकडा सांगता आला नव्हता, त्या आता क्षणात म्हणतात, “जुन्या मुख्याध्यापकांचे नाव राहिले की! आणि गुरुजींची लेक रायपूरहून दुपारच्या गाडीने येणार आहे, चार वाजताच सुरू करा.” चूक दाखविणे माणसाला सोपे जाते. पत्रिका या भेटीनंतरच छापाव्या. आधी छापलेल्या पत्रिकेवर शाईने वेळ बदललेली दिसली, की यजमानांत एकमत नव्हते हे पाहुण्यांना समजते.

पदार्थ निवडतानाही अनिश्चिततेचा विचार करावा. आलूबोंडे मोजून येतात. एकाहत्तरावा माणूस आला की ताटली रिकामी. पोहे डावाने वाढतात, म्हणून दहा माणसे अधिक झाली तरी वाढणाऱ्याचा हात थोडा आखडतो, एवढेच. एक किलो कोरड्या पोह्यांत बारा पाने निघतात. सत्तरांना सहा किलो आणावे. परंतु साडेचार किलोच आधी भिजवावे, फोडणी मात्र सर्वांची तयार ठेवावी. भाषणे सुरू झाली, की एकाने व्हरांड्यातल्या चपलांचे जोड मोजावे. पन्नासच्या आत असतील, तर दीड किलो पोहे पिशवीतच राहू द्यावे. त्याहून अधिक असतील, तर ते त्याच वेळी भिजत घालावे. गुरुजींचे उत्तराचे भाषण संपण्याच्या आत ते तयार होतात.