सकाळचा गोषवारा

(सोसायटीच्या ज्येष्ठ सभासदांच्या बैठकीत केलेले भाषण)



बँकेत आमच्याकडे ड्यू डेटची डायरी असायची. सकाळी कामाला बसलं की आधी ती उघडायची, कोणती ठेव आज पिकते, कोणतं बिल आज देय आहे ते बघायचं आणि मगच काउंटर सुरू. आता आपल्यातल्या बऱ्याच घरांत मुलांनी स्मार्ट स्पीकर आणून ठेवलेत. त्यावर बहुतेक जण भजनं ऐकतात. हाच डबा डायरीचंही काम करतो. ते कसं, एवढंच आज सांगतो.

उदाहरण अलेक्साचं घेऊ. मोबाइलवरच्या तिच्या ॲपमध्ये More आणि मग Routines असं गेलं की नवीन नित्यक्रम तयार करता येतो. आधी आपण कोणतं वाक्य बोलणार ते लिहायचं, समजा 'गुड मॉर्निंग'. मग त्या वाक्यावर तिने काय काय करायचं ते क्रमाने निवडायचं: पहिलं हवामान, दुसरं कॅलेंडर आणि शेवटी कामांची यादी. एकदा एवढं केलं की रोज चहाच्या वेळी 'अलेक्सा, गुड मॉर्निंग' म्हटलं की तिन्ही गोष्टी ओळीने ऐकू येतात. तिला मराठी येत नाही, इंग्रजी आणि हिंदी येतं. म्हणून नोंदीही त्याच भाषेत लिहाव्यात. 'हयातीचा दाखला' ऐवजी 'लाइफ सर्टिफिकेट' लिहिलं तर ती नीट वाचते.

आता हवामान. स्पीकरला खिडकी नाही. त्याच्या सेटिंगमध्ये जो पत्ता असेल तिथलं हवामान तो सांगतो. मुलाने पुण्यात घेऊन, तिथला पत्ता घालून इकडे पाठवला असेल तर तो पुण्याचाच पाऊस सांगणार. ओळखायची खूण सोपी आहे, वाक्याच्या सुरुवातीला तो गावाचं नाव घेतो ते ऐका. चुकीचं असेल तर उपकरणाच्या Device Location मध्ये गडहिंग्लज आणि पिनकोड 416502 घालावा. 'पावसाची शक्यता 60 टक्के' म्हणजे दिवसाचे 60 टक्के तास पाऊस असं नाही, आणि किती पडेल तेही त्यात नाही. पडण्याची शक्यता तेवढी, इतकाच अर्थ.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट आहे. हिरण्यकेशी उगम पावते आंबोलीजवळ आणि आजऱ्यावरून आपल्याकडे येते. तिकडे घाटमाथ्यावर धो-धो कोसळत असताना इथे नुसती भुरभुर असू शकते. स्पीकर त्या दिवशी गडहिंग्लजचा 'हलका पाऊस' सांगेल, तेही खरंच असेल, पण नदी मात्र चढत असेल. तेव्हा पावसाळ्यात नदीकाठी शेताकडे जाणाऱ्यांनी 'अलेक्सा, आंबोलीचं हवामान' हेही हिंदीत विचारावं आणि शेवटचा शब्द तहसील कार्यालयाच्या सूचनेचाच धरावा.

दुसरं कॅलेंडर. मोबाइलमधलं गुगल कॅलेंडर ॲपमध्ये एकदा जोडलं की झालं. पण गोषवाऱ्यात फक्त आजचा दिवस वाचला जातो. समजा मुदतठेव 14 तारखेला पिकते. नोंद 14 तारखेला केली तर कळेल त्या दिवशी सकाळी, म्हणजे पावती शोधायला, बँकेत जायला वेळच नाही. म्हणून एक नोंद 14 ला आणि एक 10 ला, 'पावती काढून ठेवणे' अशी करावी. पेन्शनरांनी 1 नोव्हेंबरला लाइफ सर्टिफिकेटची नोंद करून ती 'दरवर्षी' वर ठेवावी, मग पुन्हा लिहायला नको.

तिसरी कामांची यादी. तारीख असलेलं काम कॅलेंडरला आणि तारीख नसलेलं यादीला, असा हिशेब ठेवा. 'नळाचा वॉशर बदलणे' हे यादीतलं. गोळी घ्यायची वेळ मात्र दोन्हीकडे नको. गोषवारा आपण बोललो तरच वाजतो, म्हणून गोळीला वेळेवर आपोआप बोलणारं वेगळं रिमाइंडर लावावं. यादीत 15 कामं साठली की चौथ्यानंतर आपलं लक्ष नसतं. रविवारी बसून झालेली कामं खोडावीत.

वीज किंवा इंटरनेट गेलं की हे सगळं बंद, म्हणून भिंतीवरचं कालनिर्णय उतरवू नका. आणि बँकवाला म्हणून एक सांगतो. गोषवारा मोठ्यानं वाचला जातो, दारात आलेल्यालाही ऐकू जातो. त्यामुळे नोंदीत खाते क्रमांक, रक्कम, पिन काहीही लिहू नका. 'ठेव, 10 तारीख' एवढं पुरे. घरात खासगी बोलणं असेल तेव्हा डब्यावरचं माइकचं बटण दाबावं. लाल दिवा लागला म्हणजे त्याचे कान बंद.

ज्यांना जोडून घ्यायचं आहे त्यांनी मोबाइल घेऊन संध्याकाळी माझ्याकडे यावं. अर्ध्या तासाचं काम आहे.