बारा संघ, दोन मैदाने आणि दीड दिवस

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त सिहोरा येथे केलेले भाषण)



क्रीडा समितीच्या वतीने चार शब्द बोलण्याची आज्ञा झाली आहे. खेळाडूंच्या पराक्रमाविषयी बोलणारे येथे पुष्कळ आहेत. आम्ही बोलणार आहोत ते एका कागदाविषयी. स्पर्धेच्या आदल्या रात्री मंडपाच्या खांबाला सामन्यांच्या वेळा लिहिलेला जो कागद डकवला जातो, तो हा कागद. त्यावरून आमच्या हातून एका वर्षी एका संघावर अन्याय घडला. तो कसा घडला आणि पुढे आम्ही काय शिकलो, एवढेच सांगावयाचे आहे.

प्रथम आपल्या हाती काय असते ते पाहू. पुरुषांच्या कबड्डीचा सामना वीस-वीस मिनिटांच्या दोन डावांचा असतो. मधल्या विश्रांतीची पाच मिनिटे धरली की पंचेचाळीस मिनिटे होतात. संघांनी घेतलेली थांबवेळ, एखाद्याचा मुरगळलेला पाय आणि पुसलेल्या रेषांवर पुन्हा मारावयाची फक्की यांसाठी पंधरा मिनिटे ठेवली की एक तासाची एक पाळी होते. जबलपूर आणि कटनीकडील मंडळी रेल्वेने सिहोरा रोड स्थानकावर उतरतात. त्यामुळे शनिवारी दुपारी एकच्या आधी आरंभ करता येत नाही. डिसेंबरअखेर आपल्याकडे साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो, तेव्हा चारची पाळी शेवटची. अशा शनिवारी चार पाळ्या झाल्या. रविवारी सकाळी नऊ, दहा व अकराच्या तीन आणि जेवणानंतर एक ते चारपर्यंतच्या चार. एकूण पाळ्या अकरा, मैदाने दोन, म्हणजे सामन्यांसाठी जागा बावीस.

संघ बारा. प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळावयाचे म्हटले तर सामने ६६ होतात. तो विचार तेथेच संपतो. निव्वळ बाद पद्धत घ्यावी, तर प्रत्येक सामन्यात एक संघ गळतो, म्हणून अकरा सामन्यांत काम भागते. पण मग पहिल्याच फेरीत हरणारे चार संघ तासाभरात परतीच्या वाटेला लागतात. एवढा प्रवास करून आलेल्या मुलांना एकाच सामन्यावर परत पाठवणे आमच्या जिवावर आले.

म्हणून त्या वर्षी आम्ही चार-चार संघांचे तीन गट पाडले. प्रत्येक गटात सहा, असे साखळीचे अठरा सामने. तिन्ही गटांचे विजेते आणि दुसऱ्या क्रमांकांतील सर्वांत सरस संघ मिळून दोन उपान्त्य सामने आणि एक अंतिम सामना. बेरीज एकवीस, जागा बावीस. एक जागा शिल्लकच राहिली, म्हणून आम्ही समाधानाने झोपलो.

बेरीज बरोबर होती, तरी मांडणी चुकलेली होती. एका पाळीत दोन्ही मैदानांवर एका गटाचे दोन सामने, पुढच्या पाळीत दुसऱ्याचे, त्यापुढे तिसऱ्याचे, असा क्रम होता. साखळीला नऊ पाळ्या लागल्या. पहिल्या गटाचा शेवटचा सामना रविवारी अकराच्या पाळीत आटोपला. तिसऱ्या गटाचा मात्र दोनच्या पाळीत आला. तीनला उपान्त्य आणि चारला अंतिम! तिसऱ्या गटाचा विजेता लागोपाठ तीन सामने खेळला आणि अंतिम सामन्याच्या दुसऱ्या डावात त्याच्या चढाईपटूंचे पाय उचलेनात. प्रतिस्पर्धी पहिल्या गटातला, मध्ये दोन पाळ्या विसावलेला. निकाल काय लागला हे सांगावयास नको. त्या संघाच्या कप्तानाने तक्रार केली नाही. म्हणूनच ती गोष्ट आम्हाला अधिक लागली.

पुढील वर्षी आम्ही तीन-तीन संघांचे चार गट केले. सामने गटागणिक तीन, एकूण बारा. येथे एक अडचण आहे. तीन संघांच्या गटात कोणतेही दोन सामने घेतले तरी एक संघ दोहोंत असतोच; तेव्हा ते एकाच वेळी खेळवता येत नाहीत आणि लागोपाठ खेळवले तर कोणी तरी दमतो. तोडगा असा की एका मैदानावर दोन गट वेणीसारखे गुंफावयाचे. पहिल्या, तिसऱ्या व पाचव्या पाळीत एक गट. दुसऱ्या, चौथ्या व सहाव्या पाळीत दुसरा. दुसऱ्या मैदानावर उरलेले दोन गट तसेच. प्रत्येक संघाला दोन सामन्यांमध्ये निदान एक पाळी विसावा मिळतो आणि साखळी रविवारी अकरालाच संपते. अकराची पाळी मोकळी, एकला दोन्ही उपान्त्य, दोनला विसावा, तीनला अंतिम. चारची पाळी राखीव ठेवावयाची. बरोबरी होऊन जादा चढाया खेळवाव्या लागल्या किंवा गाडी उशिरा आली, तरी अंधार गाठत नाही.

गटातील क्रमालाही महत्त्व आहे. अ आणि ब प्रथम खेळले, तर दुसरा सामना हरलेल्या संघाने क शी खेळावा. जिंकलेला संघ क शीही लगेच खेळून जिंकला, तर गटाचा निकाल तेथेच लागतो आणि तिसरा सामना पोकळ उरतो. हरलेला आधी खेळला, की गटाचा निकाल शेवटच्या सामन्यापर्यंत लांबतो. शिवाय क ला पहिल्या पाळीत खेळावे लागत नाही. ज्या संघाची गाडी उशिरा पोचते त्याला दुसऱ्या गटातील क ची जागा द्यावी. त्याचा पहिला सामना शनिवारी चारला येतो.

गटातून एकच संघ पुढे जावा, हेही आम्ही विचारपूर्वक ठरविले. १९८२ च्या फुटबॉल विश्वचषकात गिहोन येथे पश्चिम जर्मनी आणि ऑस्ट्रिया यांचा गटातील शेवटचा सामना झाला. अल्जीरियाचे सामने आदल्याच दिवशी संपले होते. जर्मनी एक-दोन गोलांनी जिंकली तर दोघेही पुढे जाणार, हे दोघांनाही ठाऊक होते. दहाव्या मिनिटाला गोल झाला आणि पुढे सामना नावापुरताच उरला. अल्जीरिया बाहेर गेली. १९८६ पासून गटाचे शेवटचे दोन सामने एकाच वेळी खेळवले जाऊ लागले. तीन संघांच्या गटात ते शक्यच नाही, कारण तिसऱ्याला खेळावयास कोणी उरत नाही. २०२६ च्या विश्वचषकासाठी प्रथम तिघातिघांचे गट ठरले होते. २०२३ मध्ये तो बेत सोडून पुन्हा चौघांचे गट करण्यात आले. आमच्याकडे एकच संघ पुढे जात असल्याने दोघांनी संगनमत करावे असा लाभच राहत नाही.

या मांडणीची किंमत आहे, ती लपवू नये. प्रत्येक संघाची हमी तीन सामन्यांऐवजी दोनच सामन्यांची होते. तेरावा संघ आयत्या वेळी आला तर वेणी सुटते, आणि एखादा आला नाही तर त्या गटात एकच सामना उरतो. म्हणून नावनोंदणीची तारीख आम्ही कोणासाठीही पुढे ढकलीत नाही. काहींना ते कठोर वाटते.

कागद तयार झाला की आता आम्ही बेरीज करून थांबत नाही. एकेका संघाच्या नावावर बोट ठेवून तो पहिल्या पाळीपासून अंतिम सामन्यापर्यंत नेतो, आणि कोठे श्वास घ्यावयास पाळी मिळत नाही ते पाहतो. बाराही वेळा बोट फिरवावे लागते. त्या वर्षी आम्ही ते एकदा जरी तिसऱ्या गटावरून फिरवले असते, तर तो कप्तान दमलेल्या पायांनी अंतिम सामन्याला उभा राहिला नसता.