दोन कादंबऱ्या, दोन इंग्रजी

'बनगरवाडी' राम देशमुखांनी १९५८ साली इंग्रजीत नेली आणि 'कोसला' सुधाकर मराठे यांनी १९९७ साली. दोन्हींत बोली आहे, पण तिची जागा वेगळी. ही जागा न पाहता 'अनुवाद सहज वाचला जातो' असे प्रशस्तिपत्र देणारे परीक्षक मूळ पुस्तकाचे नुकसान करतात.

'बनगरवाडी'त निवेदन राजाराम मास्तरचे, प्रमाण मराठीतले. धनगर मात्र माणदेशी बोलतात. 'हाय', 'न्हाई', 'हुतं' ही रूपे त्यांच्या तोंडची. शिकलेला पोरगा आणि मेंढरांमागे फिरणारी वाडी यांच्यातले अंतर माडगूळकर वर्णनाने सांगत बसत नाहीत. ते कानाला कळते. सुरगाण्यात घरी कोकणी बोलून शाळेत प्रमाण मराठी ऐकणाऱ्या मुलाला हे समजावावे लागणार नाही. इंग्रजीत सगळे एकाच साध्या, नीट भाषेत बोलू लागतात. 'तू', 'तुम्ही' आणि 'आपण' यांचा एकच शब्द होतो, म्हणून कोण कोणाला मान देतो आणि कोण सलगी करतो हेही दिसेनासे होते. शीर्षकातून वाडीचे नावसुद्धा गेले; त्या जागी भिंती नसलेले गाव आले.

तरी देशमुखांना सरसकट दोषी धरणे अन्यायाचे. धनगरांच्या तोंडी इंग्लंडमधल्या शेतकऱ्यांची बोली घातली असती, तर माणदेशात परकी माणसे उभी राहिली असती, वर त्यांची नक्कल झाली असती ती वेगळीच. साध्या इंग्रजीत निदान वाडीचा कारभारी हास्यास्पद होत नाही आणि दुष्काळाने वाडी उठते तो भाग थेट पोचतो. आक्षेप एवढाच की वाचणाऱ्याला मास्तरचे परकेपण पुरते कळत नाही.

नेमाड्यांच्या 'कोसला'त अशी वाटणी नाही. खानदेशातून पुण्यात आलेला पांडुरंग सांगवीकर स्वतःच बोलतो, आणि 'वगैरे', 'उदाहरणार्थ' ही त्याची लकब निवेदनातच मुरलेली आहे. सफाईदार अनुवादकाने हे शब्द पुनरुक्ती म्हणून छाटले असते. सुधाकर मराठ्यांनी ती लकब राखली. त्यामुळे इंग्रजी वाचक अडखळतो, आणि अडखळायलाच हवे: मोठ्या गोष्टींना 'वगैरे'त ढकलणाऱ्या या पोराचा सूर धाकटी बहीण मनी देवीच्या रोगाने गेल्यावर कसा फाटतो, हे आधीची लकब कानात बसल्याशिवाय ऐकू येत नाही.

मात्र लकब शब्दाने वाहून नेता येते, खानदेशी घरातली नात्यांची हाक आणि उच्चार येत नाहीत. तिथे मराठ्यांचे इंग्रजीही देशमुखांइतकेच हतबल आहे. फरक असा की 'कोसला' त्या उच्चारावर उभी नाही, 'बनगरवाडी'चे निम्मे नाट्य त्यावरच उभे आहे.