एक अहवाल, तीन सारांश

कोणत्याही मोठ्या अहवालाचे वाचक एकाच प्रकारचे नसतात. कोणास केवळ काय झाले ते जाणावयाचे असते, कोणास पुढे काय करावे ते ठरवावयाचे असते, आणि कोणास दिलेले कारण पटण्यासारखे आहे की नाही ते पारखावयाचे असते. पहिल्यास एक वाक्य, दुसऱ्यास एक परिच्छेद आणि तिसऱ्यास एक पृष्ठ लागते. हे तिन्ही सारांश एकाच अहवालाचे असूनही एकास कातरून दुसरा होत नाही. असे का, ते एका उदाहरणाने स्पष्ट होईल.

२८ जानेवारी १९८६ रोजी अमेरिकेचे ‘चॅलेंजर’ हे अंतराळयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांनी नष्ट झाले आणि त्यातील सातही जण मृत्युमुखी पडले. विल्यम रॉजर्स यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी आयोगाने त्याच वर्षी जूनमध्ये आपला पाच खंडांचा अहवाल सादर केला. आता श्रोतेहो, या अहवालाचा सारांश एका वाक्यात करावयाचा आहे, असे समजू या.

सहज सुचणारे वाक्य असे : ‘कडाक्याच्या थंडीमुळे रबरी कडे ताठरले आणि यान नष्ट झाले.’ यातील एकही शब्द खोटा नाही. तरीही वाक्य वाचकाची दिशाभूल करते. हे वाचून अधिकारी म्हणेल, ‘मग उबदार दिवशी उड्डाण करावे, म्हणजे झाले!’ परंतु त्याच अहवालात नमूद आहे, की पूर्वीच्या एका उड्डाणात तपमान सुमारे २४ अंश सेल्सिअस असूनही अशा कड्यांस इजा पोचली होती. मूळ दोष सांध्याच्या रचनेत होता. थंडीने तो प्राणघातक ठरविला.

म्हणून वाक्य असे हवे : ‘घन इंधनाच्या उजव्या रॉकेटमधील सदोष सांध्याचे रबरी कडे थंडीत तप्त वायू रोखू शकले नाही, आणि दोष ठाऊक असूनही उड्डाणास अनुमती देणारी निर्णयपद्धतीही अपघातास कारण झाली.’ वाक्य लांबले खरे, पण त्यातील ‘सदोष’ हा शब्द किंवा निर्णयपद्धतीचा उल्लेख गाळला, तर उपायच चुकतो.

परिच्छेद हा निर्णय घेणाऱ्यासाठी असतो. त्यात कारणाची साखळी यावी : प्रज्वलन होताच आतील दाबाने सांधा किंचित फाकतो, कड्याने तत्काळ पसरून ती फट बुजवावी लागते, आणि ताठरलेल्या कड्यास ते साधत नाही. त्या सकाळी उड्डाणाच्या वेळी तपमान सुमारे २ अंश होते. आदल्या रात्री रॉकेट बनविणाऱ्या कंपनीच्या अभियंत्यांनी १२ अंशांखाली उड्डाण करू नये असे सांगितले होते; पुढे कंपनीच्या व्यवस्थापकांनीच तो सल्ला फिरविला. शेवटी शिफारशींचे सार यावे : सांध्याची नवी रचना व सुरक्षिततेसाठी स्वतंत्र यंत्रणा. तपशिलाचे आकडे येथे दोनच पुरेत. अधिक दिल्यास निर्णय त्यांखाली दडपतो.

पृष्ठ मात्र पारखणाऱ्यासाठी असते, म्हणून त्यात पुरावा यावयास हवा. सुमारे १९ अंश किंवा अधिक तपमानाच्या वीस उड्डाणांपैकी केवळ तिहींत कड्यांस इजा दिसली. सुमारे १७ अंश किंवा कमी तपमानाच्या चारही उड्डाणांत ती दिसली. आदल्या रात्रीच्या चर्चेत इजा झालेल्याच उड्डाणांकडे लक्ष गेले; निर्दोष उड्डाणे शेजारी मांडली असती, तर थंडीचा परिणाम उघड झाला असता. प्रज्वलनानंतर एका सेकंदाच्या आतच सांध्यातून निघालेला काळा धूर आणि सुमारे ५९व्या सेकंदास दिसलेली ज्वाला, हा छायाचित्रांचा पुरावाही येथेच येतो. तपमानाखेरीज सांध्याची मापे, पदार्थांचे गुण, पुनर्वापराचे परिणाम इत्यादी घटकही आयोगाने नोंदविले आहेत. त्यांस जागा मिळते ती पृष्ठावरच.

लिहिताना प्रथम पृष्ठ सिद्ध करावे, परंतु वाक्य त्यातून उचलू नये. ते नव्याने रचावे. मग दोन कसोट्या लावाव्यात. वाक्यातील प्रत्येक विधानास पृष्ठावर आधार आहे काय? आणि ज्याने केवळ वाक्यच वाचले, तो कोणते पाऊल उचलील? ते पाऊल पृष्ठ वाचलेल्यास चूक वाटणार असेल, तर वाक्य पुन्हा लिहावे.

‘चॅलेंजर’नंतरचे पहिले उड्डाण २९ सप्टेंबर १९८८ रोजी झाले, ते नव्या रचनेचे सांधे बसवून. तेथे नुसत्या उबदार दिवसाची वाट पाहिली गेली नाही.