सुट्टीवरून आल्यावर साचलेली टपाल

बहिणीच्या बाळंतपणासाठी मी पंधरा दिवस रजेवर होते. सायखेड्याला परतून ऑफिसचा मेल उघडला तर न वाचलेले एकशे चाळीस. व्हॉट्सअॅपचं तर विचारूच नका.

मागच्या वर्षी असंच झालं होतं. तेव्हा मी सगळ्यात जुन्या मेलपासून सुरुवात केली होती. बँकेने एका गटाच्या कर्ज नूतनीकरणासाठी कागद मागितले होते. मी लगेच अध्यक्षताईंना फोन केला, सगळ्या बायकांचे फोटो आणि आधारच्या प्रती गोळा करायला लावल्या. कुणी कांद्याच्या शेतातून उठून आली, कुणी रोज बुडवून. संध्याकाळी त्याच बँकेचा तिसरा मेल वाचला, तर फोटो नकोत, फक्त अध्यक्ष-सचिवांच्या सहीचा ठराव पाठवा असं लिहिलेलं. त्या दिवशी मला बोलणी बसली ती रास्तच होती.

म्हणून या वेळी मेल उघडण्याआधी, माझं काम बघणाऱ्या ताईंना फोन लावला. दहा मिनिटांत कळलं की दोन गटांची कामं त्यांनी उरकली आहेत. तेवढे मेल बाजूला गेले.

मग शोधायच्या चौकोनात बँकेचं नाव टाकलं. तिचे सगळे मेल एकत्र आले. ते वाचले मात्र उलटे, शेवटचा आधी. शेवटच्या मेलमध्ये बहुधा आधीच्याचा निकाल लागलेला असतो. तसंच मग तालुक्याच्या ऑफिसचं केलं. स्पॅममध्येही डोकावले, एक कामाचा मेल तिथे पडला होता.

वाचताना उत्तर दिलं नाही. वहीत तीनच गोष्टी लिहिल्या: कोणता गट, काय हवं, कोणत्या तारखेपर्यंत. पान भरल्यावर तारखा पाहिल्या. एका गटाचा हप्ता थकला होता. हे पहिलं काम, कारण हप्ता नव्वद दिवसांहून जास्त थकला की बँक ते खातं थकीत धरते आणि पुढचं कर्ज अडतं. इथे मेल न लिहिता सरळ फोन केला. प्रशिक्षणाला नावं द्यायची तारीख मात्र उलटून गेली होती. तिथेही फोनच केला. एक जागा मिळाली, दुसरी गेली. त्या ताईंना तसं स्पष्ट सांगितलं.

जाहिराती, शुभेच्छा, सभेची जुनी निमंत्रणं शेवटी पुसली. व्हॉट्सअॅपच्या ग्रुपांत तर फक्त माझं नाव शोधलं, बाकीचं वाचलंच नाही. खरंच हवं असेल तर माणूस परत विचारतो.

सगळं आटोपायला दीड दिवस गेला. पहिल्या दिवशी मी कुठलीही बैठक ठेवली नव्हती, म्हणून जमलं. तुमच्या गटाचा ठराव मागितलेला असेल तर या आठवड्यात माझा फोन येईल, वही जवळ ठेवा.